आजीचं नाव निघालं, नातीचं लागलं नाही

घरात आजी गेली आणि चार महिन्यांत नात जन्मली. अशा वेळी रेशनकार्डाचं काम लोकांना एकाच फेरीचं वाटतं. एक नाव काढायचं, एक घालायचं, म्हणजे हिशेब बरोबर. तहसीलच्या पुरवठा शाखेत मात्र ही दोन कामं असतात. नाव वाढवायला नमुना ८, कमी करायला नमुना ९. अर्ज एका दिवशी दिले तरी दोन्ही सारख्या वेगाने पुढे सरकत नाहीत.

एक कुटुंब घेऊ. केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंब योजनेतलं. आजी, मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू अशी चार युनिटं. माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला २० किलो धान्य, सध्या मोफत. आजी गेल्यावर १५ किलो, बाळाचं धान्य सुरू झालं की पुन्हा २०. पिवळं अंत्योदय कार्ड असतं तर यात काहीच बदललं नसतं. तिथे माणसं कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो ठरलेले.

आधी आजीचं बघू. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा पालिकेतून मिळतो, तेवढ्यावर नाव कमी होतं. पण आमच्या उदाहरणातली आजी कुटुंबप्रमुख आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कार्डाची प्रमुख असते. प्रमुखाचं नाव नुसतं खोडून चालत नाही, त्या जागी कोण ते सांगावं लागतं. इथे ती सून. म्हणून अर्जात तिचं नाव स्पष्ट लिहावं: ‘माझ्या सासूबाई, कुटुंबप्रमुख, अमुक तारखेला मयत झाल्या. त्यांचं नाव कमी करून कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव लावावं.’ एवढं पुरे. बाकीची हकिगत कोणी वाचत नाही. कार्डावर ‘राधाबाई’ आणि दाखल्यावर ‘राधा’ असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्र सोबत जोडावं, नाहीतर त्रुटी काढून अर्ज परत येण्याची भीती असते.

एखाद्या घरात सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल तर मात्र सगळंच अडतं. आधार एकच असल्याने दुसऱ्या कार्डावर ते चढत नाही. आधी माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इथला अर्ज. लग्नाला आठ वर्षं झाली तरी हे राहून गेलेलं असतं, आणि ते कळतं नेमकं बाळाच्या वेळी.

बाळाची गाठ निराळी आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते, ती दवाखाना करतो. तेव्हा बारसं झालेलं नसलं की दाखल्यावर नावाचा रकाना कोरा. त्या कोऱ्या दाखल्यावर रेशनकार्डात काय लिहिणार? म्हणून बारसं झालं की आधी जन्म नोंदणीत नाव घालून घ्यायचं. वर्षाच्या आत हे विनाशुल्क होतं, पुढे विलंब शुल्क पडतं. नावाचा दाखला हाती आला की बाल आधार. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, आईवडिलांपैकी एकाच्या आधारावर ते निघतं. ते झालं की नमुना ८. हा क्रम उलटा केला की हेलपाटे ठरलेले.

कागद पूर्ण असूनही एक पेच उरतो, आणि तो खिडकीवर कोणी नीट समजावत नाही. राज्याला किती लोकांना धान्य द्यायचं याची मर्यादा केंद्राने घालून दिली आहे; महाराष्ट्राचा आकडा सुमारे ७ कोटी. त्यातून जिल्ह्याला, तालुक्याला वाटा येतो. पुरवठा शाखेत त्याला इष्टांक म्हणतात. इष्टांक भरलेला असेल तर बाळाचं नाव कार्डावर चढतं, पण धान्य सुरू होत नाही. आजीच्या जाण्याने एक जागा रिकामी होते खरी, पण ती घराची नसते, तालुक्याची असते. आधीपासून थांबलेल्या कुणाला ती मिळू शकते. मला हे अन्यायाचं वाटतं, पण खिडकीवरच्या कारकुनाशी भांडून ते बदलत नाही.

यावर काहीजण युक्ती काढतात: बाळाचं काम होईपर्यंत आजीचं नाव राहू द्यायचं. घरातल्या कुणीही अंगठा लावला की धान्य मिळतं, त्यामुळे काही महिने हे खपतंही. पण आता प्रत्येक सदस्याची ई-केवायसी मागतात आणि आजीचा अंगठा आणणार कुठून? शिवाय मयत माणसाच्या नावावर धान्य उचललं हे नोंदीत राहतं ते राहतंच.

अर्ज दिल्यावर पोच घ्यावी, त्यावर तारीख आणि शिक्का हवा. काम झालं की नाही हे ओळखायला कार्डाचं पान पुरेसं नाही. पानावर हाताने नाव लिहून शिक्का मारला आणि ऑनलाइन नोंद झालीच नाही, असं होतं. रास्त भाव दुकानातल्या मशीनमधून निघणारी पावती बघावी. धान्य त्या ऑनलाइन नोंदीवरच मिळतं, त्यामुळे पावतीवरचे किलोच खरी गोष्ट सांगतात. नाव चढलं आणि किलो वाढले नाहीत तर अडलंय ते इष्टांकात; तेव्हा तालुक्यात प्रतीक्षेत आपला क्रम कुठे आहे ते लेखी विचारावं. नावच चढलं नसेल तर पोच घेऊन पुरवठा निरीक्षकाकडे जावं, आणि तिथेही दाद लागली नाही तर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.