कार्डवर दोन टक्के जास्त : पाटी कशी लिहावी?

‘कार्डवर 2% एक्स्ट्रा’ एवढंच लिहिलेला कागद काउंटरच्या काचेला चिकटवलेला असतो, आणि गिऱ्हाइकाचं त्याकडे लक्ष जातं तेव्हा कार्ड मशीनमध्ये गेलेलं असतं. वादाला तिथेच तोंड फुटतं. रक्कम किरकोळ असते. पण कोणत्या कार्डवर, किती रुपये आणि ते जातात कुणाकडे, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. मग गिऱ्हाईक स्वतःच उत्तर शोधतं : हा आपल्याला लुटतोय.

खरं तर कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही. मशीन देणारी बँक, कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्डसारखं नेटवर्क मिळून त्यातला थोडा हिस्सा कापून घेतात. व्यापारी त्याला एमडीआर म्हणतात. पाटी लिहिण्याआधी हा हिस्सा कुठे लागतो आणि कुठे नाही, हे दुकानदारालाच नीट माहीत हवं. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून केलेलं यूपीआय यांवर जानेवारी 2020 पासून एमडीआर शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर तो आहे, पण 2018 पासून त्याला कमाल मर्यादा आहे आणि तो दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून वसूल करू नये याची काळजी घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. म्हणजे डेबिट कार्डवर दोन टक्के मागणारी पाटी कितीही गोड शब्दांत लिहिली तरी चूकच.

उरतं क्रेडिट कार्ड. इथे एमडीआरला सरकारी मर्यादा नाही. साधारण दीड ते अडीच टक्के जातात. हे गिऱ्हाइकाकडून घेता येतील का? मशीन घेताना सही केलेला करार काढून वाचावा, हेच खरं उत्तर. अनेक करारांत असा अधिभार लावायचा नाही, असं कलम असतं. ते असेल आणि बँक लेखी सूट देत नसेल, तर पुढची पाटी लिहूच नये. त्यावरचा दुसरा मार्ग शेवटी येतोच.

समजा करारात आडकाठी नाही. नाशिकमधलं एक छोटं सहल कार्यालय घेऊ. दोघांची हिमाचल सहल, करासह 64,000 रुपये. क्रेडिट कार्डवर बँक 1.8 टक्के कापते, म्हणजे 1,152 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, सुमारे 207 रुपये. मोबाइलच्या दुकानदाराला हा जीएसटी आपल्या करातून वळता करून घेता येतो, म्हणून त्याने तो गिऱ्हाइकावर टाकू नये. 5 टक्के दराने कर लावणाऱ्या सहल कार्यालयाला मात्र ही वजावट मिळत नाही, त्यामुळे त्याचा खरा खर्च 1,359 रुपये. सव्वादोन टक्क्यांच्या आतच.

अशा वेळी बरेच जण हिशेबाला सोपं म्हणून तीन टक्के करून टाकतात. माझ्या मते सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे. तीन टक्क्यांचे 1,920 रुपये होतात. वरचे साडेपाचशे ही सरळ कमाई, आणि तिला ‘बँकेचा खर्च’ म्हटलं की ते खोटं ठरतं. बँकेचा दर काय असतो हे ठाऊक असलेलं एखादं गिऱ्हाईक आज ना उद्या भेटतंच. दोन टक्के लावले तर 1,280 रुपये येतात, त्यातूनही थोडा कर जातो आणि शे-दीडशे रुपये कार्यालयाच्या अंगावर पडतात. ते पडू द्यावेत. ‘याहून जास्त आम्हाला लागतात’ हे मग बँकेचं पत्रक समोर ठेवून सांगता येतं.

आता पाटी. मी ती अशी लिहीन :

‘यूपीआय, डेबिट कार्ड, चेक किंवा बँक ट्रान्सफर : जादा काही नाही.
क्रेडिट कार्ड : 2 टक्के जादा. उदा. 10,000 रुपयांवर 200 रुपये.
क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर बँक आमच्याकडून शुल्क कापते, त्यापोटी ही रक्कम आहे. ती बिलात वेगळी दाखवली जाईल. कार्ड देण्याआधी एकूण रक्कम विचारून घ्या.’

फुकटचे मार्ग पहिल्या ओळीत आहेत, कारण वाचणाऱ्याला आधी सुटकेची वाट दिसली की पुढची ओळ तो शांतपणे वाचतो. टक्क्यांसोबत रुपये आहेत, कारण टक्के वाचले जातात आणि रुपये समजतात. ‘सरकारी नियमानुसार’ हे शब्द नाहीत, कारण असा कुठलाच नियम नाही. ‘सुविधा शुल्क’ही नाही, कुणाची सुविधा, हा प्रश्न लगेच येतो. ‘क्षमस्व’ आणि ‘नाइलाजाने’ मुद्दाम गाळलेत. माफी मागितली की आपण काही गैर करतोय असं आपणच कबूल केल्यासारखं होतं.

एक खाच मात्र लक्षात ठेवावी लागते. रुपेचं क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, त्याच्या लेखी ते यूपीआयच. पण मोठ्या रकमेवर दुकानदाराचा एमडीआर कापला जाऊ शकतो. पाटीवर ‘यूपीआयला काही नाही’ लिहिलंय ना, मग तो खर्च दुकानदाराने सोसायचा. नंतर फोन करून दोनशे रुपये मागणं म्हणजे पाटी फाडून टाकण्यासारखंच.

सहल कार्यालयाला भिंतीवरची पाटी पुरत नाही, कारण निम्मं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर दर विचारतं. हीच वाक्यं दरपत्रकात, किमतीच्या लगेच खाली यायला हवीत. शेवटच्या पानावरच्या बारीक अटींत नव्हे. पैसे हप्त्यांनी येत असतील तर जो हप्ता क्रेडिट कार्डाने भरला त्याच्यावरच दोन टक्के. सहल रद्द झाली तर हे दोन टक्के परत मिळणार की नाही, तेही तिथेच लिहावं. न लिहिल्यास सगळ्यात कडवट भांडण याच मुद्द्यावर होतं, कारण तोपर्यंत गिऱ्हाइकाची सहलही गेलेली असते.

बिलाबाबत सवलत नाही. वस्तू किंवा सेवा विकताना वर घेतलेली ही रक्कम विक्रीच्याच मूल्यात धरली जाते आणि तिच्यावर जीएसटी लागतो. 64,000 चं बिल आणि 65,280 चं स्वाइप, ही जोडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली की फरकाचा पुरावा त्याच्याकडे आयताच तयार असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फिरवायला तेवढं पुरतं.

छापील एमआरपी असलेल्या मालाला तर ही पाटी लावताच येत नाही. एमआरपीवर विकून वर दोन टक्के घेतले, तर छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याचा गुन्हा होतो.

म्हणून दुसरा मार्ग. सहलीचा दर 65,280 जाहीर करायचा आणि खाली लिहायचं : ‘यूपीआय, डेबिट कार्ड, चेक किंवा बँक ट्रान्सफरने भरल्यास 1,280 रुपये सूट.’ पैसे तेच. पण जादा आकारणी मनाला टोचते तशी हुकलेली सूट टोचत नाही. अमेरिकेत क्रेडिट कार्डवाले दरातल्या फरकाला अधिभार न म्हणता रोखीची सूट म्हणा असा आग्रह धरत, हे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्येच नोंदवलं होतं. यातही करार एकदा पाहावाच. आणि दर चढवला असेल तर तो चढवलाय हे विचारणाऱ्याला सांगावं, कारण मागच्या महिन्यातलं 64,000 चं दरपत्रक त्याच्या फोनमध्ये अजून असतं.