वाफेच्या थरातला लाल गोळा

लालबुंद तापवलेला पोलादी गोळा उकळत्या पाण्यात सोडला, तर सुरुवातीला तो जवळजवळ शांतच राहतो. त्याच्याभोवती वाफेचा चकचकीत, पातळ थर जमतो आणि पाणी धातूला शिवतच नाही. पाण्याच्या मानाने वाफ जेमतेम पंचविसावा हिस्सा उष्णता वाहून नेते, म्हणून गोळा रेंगाळत निवतो. जर्मन वैद्य लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये तापल्या लोखंडी चमच्यातल्या थेंबात हेच टिपले होते.

पृष्ठभाग पुरेसा उतरला की थर फाटतो, पाणी धातूला भिडते, बुडबुड्यांचा कल्लोळ उठतो. आता गोळा आधीपेक्षा कमी तापलेला असूनही कितीतरी झपाट्याने निवतो! पोलादाला पाणी देताना हा थर कुठे चिकटून राहिला, तर तेवढा भाग मऊ राहतो. म्हणूनच कारागीर तुकडा पाण्यात सतत हलवतात.