हरवलेल्या प्रमाणपत्राचं प्रतिज्ञापत्र

मूळ पदवी प्रमाणपत्र हरवलं की दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठ अनेकदा प्रतिज्ञापत्र मागतं. नोटरीच्या दाराशी तयार नमुना मिळतो, पण त्यात बहुधा एकच मोघम वाक्य असतं: 'माझे प्रमाणपत्र गहाळ झाले आहे.' कुठे, कधी, कसं, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

समजा, एका तरुणीची फाईल स्वारगेटहून साताऱ्याला जाताना एसटीत राहिली. तिच्या प्रतिज्ञापत्राचे परिच्छेद असे असावेत:

1. माझे नाव, वय, व्यवसाय व पत्ता.
2. हरवलेल्या प्रमाणपत्राचा तपशील: विद्यापीठ, परीक्षा, वर्ष, बैठक क्रमांक.
3. अमुक तारखेला मी स्वारगेटहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीने प्रवास केला. सदर प्रमाणपत्र फाईलमध्ये होते. घरी पोहोचल्यावर फाईल जवळ नसल्याचे लक्षात आले.
4. दुसऱ्या दिवशी मी आगारात चौकशी केली. फाईल मिळाली नाही. त्यानंतर पोलिसांत गहाळ नोंद केली. तिचा क्रमांक व तारीख अशी.
5. मी सदर प्रमाणपत्र कोणाकडेही तारण ठेवलेले किंवा दिलेले नाही.
6. मूळ प्रत सापडल्यास मी विद्यापीठाला त्वरित कळवीन.

एका परिच्छेदात एकच बाब ठेवली की विद्यापीठातला कर्मचारी दुसरा परिच्छेद आपल्या नोंदवहीशी आणि चौथा पोलिसांच्या दाखल्याशी ताडून पाहू शकतो. शेवटच्या सत्यापनातही क्रमांकांचाच आधार घेता येतो: 'परिच्छेद 1 ते 5 मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' सहावा परिच्छेद हमीचा असल्यामुळे तो यात येत नाही.

सर्वांत जास्त घोळ तिसऱ्या परिच्छेदात होतो. फाईल चोरीला गेली की बसमध्ये विसरली, हे तिला ठाऊक नाही. मग 'चोरीला गेली' असं लिहिणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची शपथ घेणं. जे माहीत आहे तेवढंच लिहावं. अंदाज असेल तर 'माझा समज आहे' असं म्हणून त्याचं कारण द्यावं. तारखाही जुळायला हव्यात. फाईल हरवण्याआधीच्या तारखेची पोलीस नोंद जोडली, तर अर्ज तिथेच अडतो. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर पहिल्या परिच्छेदात दोन्ही नावं लिहून त्याचा पुरावा जोडावा.

सही घरून करून नेऊ नये. ती नोटरीसमोरच करायची असते. कोऱ्या जागा सोडू नयेत आणि खाडाखोड झाल्यास तिथे लघुस्वाक्षरी करावी. मुद्रांक किती रुपयांचा लागेल, हे आधी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

प्रतिज्ञापत्र म्हणजे पदवीचा पुरावा नव्हे. विद्यापीठ स्वतःच्या नोंदी तपासूनच दुय्यम प्रत देतं. मात्र शपथेवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा ठरू शकतो. म्हणून टंकलेखकाने तयार केलेला प्रत्येक परिच्छेद स्वतः वाचा, आणि जो तुमच्या माहितीत नाही तो सही करण्यापूर्वी काढून टाका.