दोन महिन्यांचे रीडिंग, एका महिन्याचा स्लॅब

महावितरणच्या घरगुती बिलात चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. समजा, 240 युनिट आले. पहिल्या 100 युनिटना 5 रुपये आणि पुढच्यांना 11 रुपये दर धरला, तर 500 अधिक 1540, म्हणजे 2040 रुपये होतात. वरचा दर फक्त 100 च्या पुढच्या 140 युनिटना लागतो, सगळ्या 240 ना नाही. खरे दर बिलामागे छापलेले असतात.

खरी चूक घडते ती रीडिंग दोन महिन्यांनी घेतल्यावर. तेव्हा स्लॅबही दुप्पट व्हायला हवा: 200 युनिट 5 रुपयांनी, 40 युनिट 11 रुपयांनी, एकूण 1440. फरक तब्बल 600 रुपयांचा! म्हणून दोन्ही रीडिंगच्या तारखा आधी पाहा. मधल्या महिन्यात सरासरी बिल भरले असेल, तर ती रक्कमही वजा झालेली हवी. स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क यानंतर जोडले जातात.