शेरा एकाचा, ऑर्डर दुसऱ्याची

ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरी रोज पहाटे आपोआप गूगल शीटमध्ये येतात. शेजारच्या रकान्यात कुणीतरी हाताने शेरे लिहितं : ‘फोन उचलत नाही’, ‘पत्ता बदलला’. सिंक पूर्ण शीट पुसून नव्याने भरत असेल, तर सकाळी शेरे गायब. हे निदान लगेच कळतं तरी. सिंक फक्त पहिले सहा रकाने भरत असेल, तर घोळ जास्त वाईट. नवी ऑर्डर वर आली की ऑर्डरी एक ओळ खाली सरकतात, शेरे मात्र जागचे हलत नाहीत. पोहोचलेल्या ऑर्डरीसमोर ‘पत्ता बदलला’ दिसलं, की समजावं.

रकान्याला कुलूप लावून हे सुटत नाही. सिंकच्या खात्याला तिथे मनाई केली, तर पूर्ण शीट पुसणारं सिंक बहुधा अडूनच बसतं.

त्यापेक्षा शेरे `Notes` नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये ठेवा : A मध्ये ऑर्डर क्रमांक, B मध्ये शेरा. सिंकला फक्त `Orders` टॅब द्या. तिसऱ्या टॅबच्या A2 मध्ये `=Orders!A2` आणि G2 मध्ये पुढचं सूत्र लिहून दोन्ही खाली ओढा :

```
=XLOOKUP(A2, Notes!A:A, Notes!B:B, "")
```

आता ओळी कितीही सरकल्या, तरी शेरा क्रमांकामागे जातो. मात्र G मध्ये थेट टाइप केलं, की त्या ओळीचं सूत्र गेलंच. आणि सिंकने ‘00417’ मजकूर म्हणून आणला व तुम्ही लिहिलेला आकडा शीटने 417 केला, तर जुळणी होत नाही, शेरा रिकामा दिसतो. `Notes` मधला क्रमांकाचा रकाना आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवा.