सलूनसोबत अकॅडमी: फी किती, बॅच केवढी?

बोम्मसंद्रात तुमचं तीन खुर्च्यांचं सलून आहे आणि दुपारी ११ ते २ ते रिकामंच असतं? मग त्याच वेळेत क्लास घ्या. एका खुर्चीवर दोघी, म्हणजे बॅच सहाजणींची. एक करेल, दुसरी मॉडेल होईल. जास्त मुली घेतल्या तर त्या नुसत्या बघत बसतील.

आता फीचा हिशेब बघू. समजा, शिकवणारीचं मानधन ३०,००० रुपये आणि प्रत्येकीला लागणारं साहित्य ४,००० रुपयांचं. फी १२,००० ठेवली, तर सहाजणींमागे १८,००० उरतात; चौघींमागे फक्त २,०००. म्हणून चार नावं पक्की झाल्याशिवाय बॅच सुरू करू नका.

तुम्ही दिलेलं सर्टिफिकेट खासगीच असतं. त्यावर 'सरकारमान्य' छापू नका. तसं सर्टिफिकेट हवं असेल, तर ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल काउन्सिलशी संलग्न व्हा. तिथे परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतात. तोपर्यंत सर्टिफिकेटवर शिकवलेले तास लिहा आणि सोबत सही केलेली लॉगबुक द्या: थ्रेडिंग २५, फेशियल १०. नोकरी देणाऱ्या पार्लरवालीला त्यावरून लगेच कळतं, की मुलीचा हात खरंच बसलाय का.