नकाशावरून वायर आणि पाइप मोजताना

खोलीच्या आराखड्यावर दिवा, पंखा आणि स्विचबोर्ड यांच्या खुणा असतात, त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात आणि कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले असते. तरीही केवळ पट्टी लावून आलेल्या लांबीवर माल आणला तर तो हमखास कमी पडतो. आराखडा वरून पाहून काढलेला असल्यामुळे बोर्डापर्यंत खाली उतरणारा किंवा छताकडे चढणारा पाइप त्यात नुसता ठिपका होऊन बसतो. ही उभी लांबी उंचीच्या आकड्यांवरूनच काढावी लागते.

उदाहरणादाखल 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच अशी खोली घेऊ. आराखडा 1:50 प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा 1 सेंटीमीटर प्रत्यक्षात अर्धा मीटर. छायाप्रत काढताना आकार थोडा बदललेला असू शकतो, म्हणून आधी 4 मीटरची भिंत कागदावर खरोखर 8 सेंटीमीटर भरते का, ते पाहावे. भरत नसेल तर पट्टी बाजूला ठेवून लिहिलेली मापेच धरावीत.

पीव्हीसी कंड्युट पाइप भिंतीवरून, जमिनीपासून अडीच मीटर उंचीवर आडवा फिरवायचा आहे. लांब भिंतीवर दाराकडच्या कोपऱ्यापासून अर्ध्या मीटरवर स्विचबोर्ड आहे, उंची दीड मीटर. त्यात दोन स्विच, रेग्युलेटर आणि एक सॉकेट. पंखा छताच्या मध्यावर, तर ट्यूबलाइट दारासमोरच्या आखूड भिंतीच्या मध्यावर, पाइपाच्याच उंचीवर. पुरवठा बाहेरच्या पॅसेजमधल्या एमसीबी बॉक्समधून येतो. त्याची उंचीही दीड मीटर.

आता पाइपाच्या मागोमाग जायचे. एमसीबी बॉक्सपासून वर 1 मीटर, मग बोर्डाच्या डोक्यावरच्या पहिल्या जंक्शन बॉक्सपर्यंत आडवे 2 मीटर (भिंतीची जाडी धरून), असे 3 मीटर. तिथून खाली बोर्डापर्यंत 1 मीटर. भिंतीच्या मध्यावरच्या दुसऱ्या जंक्शन बॉक्सपर्यंत दीड मीटर. त्या बॉक्समधून पंख्यासाठी वर अर्धा मीटर आणि छतावरून दीड मीटर, म्हणजे 2 मीटर. ट्यूबसाठी कोपऱ्यापर्यंत 2 आणि वळून पुढे दीड, म्हणजे साडेतीन मीटर. एकूण 11 मीटर. दहा टक्के वाढीव धरले की 12.1 मीटर होतात. पाइप 3 मीटरच्या तुकड्यांत मिळतो, म्हणून पाच नग लागतात. चारच आणले तर शेवटचा हातभर तुकडा अडतो.

पाइपाच्या लांबीला सरसकट तीनने गुणून वायर काढणे मात्र चूक आहे, कारण प्रत्येक भागात वायरींची संख्या वेगळी असते. बोर्डाकडे उतरणाऱ्या एका मीटरच्या पाइपात पाच वायरी आहेत: खाली येणारी फेज, सॉकेटसाठी न्यूट्रल आणि अर्थिंग, शिवाय स्विचमधून पंख्याकडे आणि ट्यूबकडे परत वर जाणाऱ्या दोन वायरी. या परतीच्या वायरी विसरणे ही नेहमीची चूक. दोन जंक्शन बॉक्समध्ये चार वायरी आहेत. बाकी सगळीकडे तीन.

फेजचा हिशेब तुकड्यांनी केला की पडताळाही होतो. एमसीबी ते बोर्ड 4 मीटर, बोर्ड ते पंखा साडेचार, बोर्ड ते ट्यूब 6. मिळून साडेचौदा मीटर. न्यूट्रल या मांडणीत जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टरने फुटते आणि प्रत्येक पाइपातून एकदाच जाते, म्हणून तिची लांबी पाइपाइतकीच, 11 मीटर. अर्थिंगही 11 मीटर. यात काही वेगळे आले तर एखादा भाग सुटला किंवा दोनदा मोजला गेला असे समजावे. सगळे मिळून साडेछत्तीस मीटर होतात आणि त्यांतले साडेनऊ मीटर उभ्या पाइपांतले, म्हणजे आराखड्यावर मुळीच न दिसणारे.

जोडणीसाठी प्रत्येक टोकाला सुमारे वीस सेंटीमीटर वायर मोकळी सोडावी लागते. ती नसेल तर बोर्ड पुन्हा उघडताना वायर ताणली जाते. फेजच्या तीन तुकड्यांची सहा टोके, म्हणजे 1.2 मीटर. न्यूट्रलच्या पाच तुकड्यांची दहा टोके, 2 मीटर, अर्थिंगचेही तेवढेच. म्हणून दीड चौरस मिलिमीटरची लाल वायर 15.7 मीटर, काळी आणि हिरवी प्रत्येकी 13 मीटर लागते. त्यावर मीटरभर जास्त घेतलेली बरी.

हेच काम कन्सील्ड असेल तर हिशेब बदलतो. स्लॅबमधला पाइप भिंतीला धरून न जाता तिरपा, सरळ पंख्याकडे नेता येतो. बोर्डावरून छतापर्यंत दीड मीटर आणि तिथून आराखड्यावर तिरपे मोजलेले सव्वाचार सेंटीमीटर, म्हणजे 2.1 मीटर, साडेचार मीटरची वाट 3.6 मीटरवर येते. मात्र हे माप स्लॅब ओतण्याआधी पक्के हवे, कारण पंख्याची जागा नंतर सरकली तर तो पाइप निरुपयोगी होतो.